सव्वासहा टक्के, पण कशाचे?
अर्थवार्तेचे तमिळ भाषांतर आणि रोजच्या शब्दांची मापे

तमिळनाडूत चहाच्या दुकानावरचे वर्तमानपत्र एक जण विकत घेतो आणि दहा जण वाचतात. बाकावर बसलेला एखादा मोठ्याने वाचतो आणि उरलेले चहा पिता पिता ऐकतात. सि. पा. आदित्तनार यांनी १९४२ मध्ये मदुरैत सुरू केलेले ‘दिनत् तंदि’ हे दैनिक याच वाचकाला समोर ठेवून लहान वाक्यांची, सोप्या शब्दांची तमिळ लिहू लागले आणि त्या जोरावर घरोघरी पोचले. चोरी, अपघात, निवडणूक, पाऊस या बातम्यांसाठी ती भाषा चांगली तयार झाली. अर्थकारणाची बातमी मात्र बहुधा मुंबईत किंवा दिल्लीत, इंग्रजीत लिहिली जाते. ती संध्याकाळी तमिळ कचेरीत येते आणि भाषांतरकाराच्या हातात दोन-तीन तास असतात. त्यात तीन शब्द हमखास असतात: चलनवाढ, व्याजदर आणि राजकोषीय तूट.

या तिन्हींसाठी तमिळमध्ये पारिभाषिक शब्द आहेत, तसे रोजच्या बोलण्यातलेही आहेत. बोलण्यातला शब्द घेतला की काम झाले, असे वरवर पाहता वाटते. तमिळ अर्थवार्ता वाचता वाचता माझ्या लक्षात आलेली गोष्ट वेगळी आहे. रोजचा शब्द एकटा येत नाही. त्याच्या पाठोपाठ रोजचे माप येते: कितीवर मोजायचे, किती दिवसांसाठी मोजायचे, कशाशी तुलना करायची. ते माप बातमीतल्या मापाशी जुळत नसेल, तर सोपा शब्द अवघड शब्दापेक्षा जास्त फसवतो. अवघड शब्द वाचून माणूस निदान ‘मला कळले नाही’ असे म्हणतो. सोपा शब्द वाचून त्याला वाटते की कळले, आणि तो भलताच हिशेब करून बसतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही, कारण आपल्याकडे ‘चलनफुगवटा’पासून ‘महागाई’पर्यंतचा प्रवास झालेलाच आहे. पण इथे उदाहरण तमिळचे घेतो. (तमिळ शब्द देवनागरीत लिहिताना ‘ऴ’ हे अक्षर वापरले आहे. त्याचा उच्चार ‘ळ’च्या जवळचा, पण जीभ आणखी मागे वळवून करायचा असतो.)

भाषांतरासाठी एक परिच्छेद

हिशेब नेमका करता यावा म्हणून फेब्रुवारी २०२५ चा पहिला आठवडा घेऊ. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेचे पतधोरण आले. त्या आठवड्यातल्या कोणत्याही अर्थविश्लेषणाचा गाभा असा असू शकेल. हा परिच्छेद मी नमुन्यासाठी रचला आहे, आकडे मात्र त्या वेळचे खरे आहेत.

‘किरकोळ चलनवाढीचा दर ऑक्टोबरमधील ६.२१ टक्क्यांवरून डिसेंबरमध्ये ५.२२ टक्क्यांवर आला आहे. सरकारने राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवरून पुढील वर्षी ४.४ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले आहे. या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने रेपो दर २५ बेसिस पॉइंटने कमी करून ६.२५ टक्के केला.’

तीन वाक्ये आहेत आणि तिन्हींत काहीतरी ‘कमी झाले’ आहे. तमिळमध्ये या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद येऊ शकते: ‘कुऱै’, म्हणजे कमी होणे. याच धातूपासून कमतरता या अर्थाचे नामही झाले आहे. भाषांतरकाराची खरी परीक्षा या क्रियापदापाशी होते, कारण तिन्ही वाक्यांत कमी झालेली वस्तू वेगवेगळ्या जातीची आहे.

शब्द निवडण्याआधी तमिळची एक अडचण सांगायला हवी. लिहायची तमिळ आणि बोलायची तमिळ यांत मोठे अंतर आहे. माणूस घरी ‘वेलवासि एऱिप्पोच्चु’ असे म्हणेल, म्हणजे भाव चढले. पण वर्तमानपत्रात तसे छापत नाहीत. तिथे ‘विलैवासि उयर्न्ददु’ असे येते. त्यामुळे ‘रोजचा शब्द’ म्हणजे बोलण्यातले रूप जसेच्या तसे उचलणे नव्हे. जो शब्द छापल्यावर गावंढळ वाटत नाही आणि मोठ्याने वाचल्यावर पुस्तकी वाटत नाही, तो इथे चालतो. विलै (किंमत), वट्टि (व्याज), कडन् (कर्ज), वरवु (जमा) आणि सेलवु (खर्च) हे शब्द असे दोन्हीकडे नांदणारे आहेत. अर्थवार्तेची सगळी इमारत या पाच विटांवर उभी करता येते.

फुगलेला पैसा आणि चढणारे भाव

चलनवाढीचा तमिळ पारिभाषिक शब्द आहे ‘पणवीक्कम्’. पणम् म्हणजे पैसा आणि वीक्कम् म्हणजे सूज. पाय मुरगळल्यावर घोट्याला येते तिलाही वीक्कम्च म्हणतात. उलट दिशेला ‘पणवाट्टम्’ हा शब्द आहे. वाट्टम् म्हणजे कोमेजणे. जोडी सुंदर आहे. सूज आलेला माणूस धष्टपुष्ट दिसतो पण निरोगी नसतो, हे त्या प्रतिमेत आपोआप येते. आपला जुना ‘चलनफुगवटा’ याच घडणीचा.

पण या शब्दात एक सिद्धान्तही दडलेला आहे. पैसा सुजला, म्हणजे पैसा जास्त झाला आणि म्हणून भाव चढले, अशी कारणमीमांसा शब्दच करून टाकतो. कधी ती खरी असते. पण अवकाळी पावसाने टोमॅटो नासला किंवा खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढले, तर पैसा सुजलेला नसतो, माल तुटलेला किंवा महागलेला असतो. आकडा भावांचा असतो आणि शब्द पैशाकडे बोट दाखवतो.

म्हणून भाषांतरकार दुसऱ्या शब्दाकडे वळतो: ‘विलैवासि उयर्वु’, म्हणजे भाववाढ. मोर्च्याच्या फलकापासून स्वयंपाकघरापर्यंत हा शब्द चालतो, आणि तो कोणतेही कारण गृहीत धरत नाही. इथवर सगळे ठीक आहे. अडचण सुरू होते ती ‘दर खाली आला’ या क्रियापदापाशी.

‘पणवीक्कम् कुऱैन्ददु’ म्हणजे सूज उतरली. पारिभाषिक अर्थाने हे बरोबर आहे. त्याजागी ‘विलैवासि उयर्वु कुऱैन्ददु’ लिहिले, तर शब्दशः तेही बरोबर: भाववाढ कमी झाली. पण हे वाक्य कानाला अडखळते, कारण ‘उयर्वु’ म्हणजे चढणे आणि ‘कुऱैन्ददु’ म्हणजे कमी झाले. चढणे कमी झाले म्हणजे काय? मथळ्याला जागा कमी असते. उपसंपादक मधला ‘उयर्वु’ काढतो आणि उरते ‘विलैवासि कुऱैन्ददु’, म्हणजे भाव उतरले. एक शब्द गळला आणि बातमी खोटी झाली. मराठीत ‘महागाई घटली’ या मथळ्याचे नेमके हेच होते.

ही चूक केवढी मोठी ठरू शकते, हे पाहायला समुद्र ओलांडून जाऊ. तमिळ श्रीलंकेचीही राजभाषा आहे, आणि तिथल्या तमिळ वाचकांनी २०२२ चे आर्थिक संकट भोगले आहे. कोलंबोच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये वार्षिक चलनवाढ ६९.८ टक्के होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती १.३ टक्क्यांवर आली. दर कोसळला, यात शंका नाही. आता पिशवीचा हिशेब करू. सप्टेंबर २०२१ मध्ये जी पिशवी १०० रुपयांत भरत होती, तिला वर्षाने सुमारे १७० रुपये लागले. आणखी वर्षाने, म्हणजे दर १.३ वर आल्यावर, तिला सुमारे १७२ रुपये लागले. भाव एका रुपयानेही उतरले नव्हते. ते वरच्या पायरीवर जाऊन जवळजवळ थांबले होते. ‘भाव उतरले’ असे वाचून ज्याने पगारवाढीची मागणी सोडून दिली असेल, त्याचे नुकसान त्या एका गळलेल्या शब्दाने केले असते.

यावर तमिळमध्ये एक साधा इलाज आहे. दर हा वेग आहे, म्हणून वेगच म्हणावे: ‘विलै एऱुम् वेगम् कुऱैन्दुळ्ळदु’, म्हणजे किंमत चढण्याचा वेग कमी झाला आहे. ‘वेगम्’ हा शब्द बस चालवणाऱ्यालाही कळतो आणि संपादकालाही खटकत नाही. गाडीचा वेग ७० वरून १० वर आला तरी गाडी पुढेच जाते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मुख्य म्हणजे या वाक्यातला एखादा शब्द गाळायचा झाला, तर ‘वेगम्’ गाळता येत नाही. तो गेला की वाक्यच मोडते. चांगल्या प्रतिशब्दाचा हा मला मोठा गुण वाटतो: घाईत कापला तर तो अर्थ बदलू देत नाही.

आपल्या नमुन्यातला ५.२२ हा आकडा मग असा लिहिता येईल: ‘ओरु वरुडत्तुक्कु मुन् नूऱु रूबाय्क्कु वांगिय पोरुळै इप्पोदु वांग १०५ रूबाय् २२ पैसा आगिऱदु.’ वर्षापूर्वी शंभर रुपयांना घेतलेली वस्तू आता घ्यायला १०५ रुपये २२ पैसे लागतात. ‘वर्षापूर्वी’ हे त्यात मोलाचे आहे. डिसेंबरात भाजी येते आणि ऑक्टोबरच्या मानाने काही भाव खरोखर उतरतात. पण ६.२१ आणि ५.२२ हे आकडे त्याबद्दल बोलत नाहीत. ते प्रत्येक महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. महिन्याभरातली स्वस्ताई ही वेगळी बातमी आहे आणि ती वेगळ्या वाक्यात द्यावी.

दोन वट्टि म्हणजे किती?

तिन्ही शब्दांत सर्वांत सोपा वाटतो तो व्याजदर, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा तोच आहे. पारिभाषिक शब्द ‘वट्टि विगिदम्’. श्रीलंकेत ‘वट्टि वीदम्’ म्हणतात. विगिदम् किंवा वीदम् म्हणजे प्रमाण, आणि वट्टि म्हणजे व्याज. हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. मग विगिदम् गाळून नुसते वट्टि लिहिले तर काय बिघडते?

बिघडते ते असे. तमिळनाडूच्या गावात कुणी ‘रेंडु वट्टि’ला पैसे घेतले असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ शंभराला दोन रुपये, पण दरमहा. वर्षाचे चोवीस. यालाच ‘रेंडु पैसा वट्टि’ असेही म्हणतात: रुपयाला दोन पैसे, महिन्याला. काळ आणि एकक दोन्ही गृहीत असतात, उच्चारले जात नाहीत. आपल्याकडे गावच्या सावकाराचे ‘शेकडा दोन’ हेही दरमहाचेच असते, हे अनेकांना आठवेल. बँकेचे आणि रिझर्व्ह बँकेचे टक्के मात्र वर्षाचे असतात.

आता ‘वट्टि ६.२५’ असे छापले आणि बाकावर बसलेल्याने आपल्या मापाने वाचले, तर त्याला ते महिन्याला सव्वासहा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के वाटू शकते. सरकारी बँक इतके घेणार नाही हे त्याला कळते, पण मग आकडा कशाचा, हे त्याला कळेनासे होते आणि तो पुढे जातो. २५ बेसिस पॉइंटचे तर आणखी विचित्र. त्याचा शब्दशः तमिळ पर्याय ‘अडिप्पडैप् पुळ्ळि’, म्हणजे पायाभूत बिंदू. तो कुणालाच काही सांगत नाही. म्हणून कुणी हुशारीने ‘वट्टि २५ पैशांनी कमी’ असे लिहील. शंभर रुपयांवर वर्षाला पंचवीस पैसे, हा हिशेब बरोबर आहे. पण गावच्या बोलीत व्याजातला पैसा रुपयामागे आणि महिन्यामागे मोजतात. त्या मापाने पंचवीस पैसे म्हणजे महिन्याला २५ टक्के, वर्षाला ३००! लेखकाच्या आणि वाचकाच्या अर्थात बाराशे पटींचे अंतर पडते, आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट बोलतो आहोत असे वाटते.

इलाज असा की ‘नूऱु रूबाय्क्कु’ (शंभर रुपयांना) आणि ‘आण्डुक्कु’ (वर्षाला) हे दोन शब्द कधीच गाळायचे नाहीत. ते ठेवले की बाकीचे काम तमिळ स्वतःच सुरेख करते, कारण अपूर्णांकांसाठी तिच्याकडे आपल्यासारखेच बोलके शब्द आहेत. साडेसहा म्हणजे ‘आऱरै’ आणि सव्वासहा म्हणजे ‘आऱेकाल्’. ‘सहा दशांश दोन पाच विऴुक्काडु’ हे मोठ्याने वाचताना वाचणारा अडखळतो. ‘आऱेकाल् रूबाय्’ अडखळत नाही.

दुसरा प्रश्न: हे व्याज कोण कुणाला देतो? बाकावरच्या माणसाच्या ओळखीचे वट्टि हे त्याने सावकाराला द्यायचे असते. त्याचे इतके प्रकार आहेत की तमिळनाडू सरकारच्या २००३ च्या अवाजवी व्याज प्रतिबंधक कायद्यात कंदु वट्टि, मीटर वट्टि आणि तंडल् हे बोलीतले शब्दच व्याख्येसह नोंदवले आहेत. तंडल्मध्ये व्याज आधीच कापून उरलेली रक्कम हातात देतात आणि रोजच्या रोज वसुली होते. (‘वसूल्’ आणि ‘बाक्कि’ हे शब्द तमिळ बोलीत असेच आहेत.) अशा माणसाने ‘वट्टि कमी झाले’ असे वाचले, तर त्याचे पहिले मन त्याच्या स्वतःच्या कर्जाकडे धावणार. रेपो दर त्या कर्जाचा नाही. म्हणून तमिळ वर्तमानपत्रे रेपोला जोडून एक विवरण देतात आणि ते विवरण चांगले आहे: रिझर्व्ह बँक इतर बँकांना जे अल्प मुदतीचे कर्ज देते त्यावरचे व्याज. पूर्ण वाक्य असे होईल: ‘वंगिगळुक्कुत् तान् कोडुक्कुम् कुऱुगिय कालक् कडनुक्कान वट्टियै, नूऱु रूबाय्क्कु आण्डुक्कु आऱरै रूबायिलिरुंदु आऱेकाल् रूबायाग रिसर्व् वंगि कुऱैत्तदु.’

यानंतर एक वाक्य वाचकाच्या घरापर्यंत आणावे लागते, नाहीतर बातमी बँकांच्या दारातच थांबते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. अशा वीस लाखांच्या, वीस वर्षांच्या कर्जावर दर नऊवरून पावणेनऊ झाला, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ वरून १७,६७५ वर येतो. फरक ३२० रुपये. पुष्कळदा बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. ठरलेल्या व्याजाच्या सोनेतारण कर्जात मात्र काहीच बदलत नाही, आणि तंडल्मध्ये तर नाहीच. हे तिन्ही सांगितले की ‘वट्टि’ हा शब्द त्याच्या जागी बसतो.

कमतरता नव्हे, या वर्षीचे कर्ज

राजकोषीय तूट म्हणजे तमिळमध्ये ‘निदिप् पट्राक्कुऱै’. पट्राक्कुऱै हा शब्द रोजचाच आहे. नळाला पाणी नसले की ‘तण्णीर् पट्राक्कुऱै’, म्हणजे पाणीटंचाई. त्यामुळे इथे अडचण उलटी आहे: पारिभाषिक शब्दच रोजचा आहे आणि तो चुकीचे चित्र उभे करतो. निधीची टंचाई वाचली की सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे, पगार थांबतील, असे वाटते. राजकोषीय तूट म्हणजे ते नव्हे. सरकारचा एकूण खर्च वजा कर्ज सोडून बाकीची सगळी जमा, आणि जो फरक उरतो तो. म्हणजेच या वर्षी सरकार किती कर्ज घेणार, त्याचे ते माप आहे. पैसे खर्च होतात. फक्त ते उसने असतात.

तमिळमध्ये यासाठी एक जिवंत वाक्प्रचार आहे: ‘तुंडु विऴुदल्’. तुंडु म्हणजे तुकडा, आणि खांद्यावरचा पंचाही. जमाखर्चात तोंडमिळवणी झाली नाही की ‘तुंडु’ पडतो असे म्हणतात. श्रीलंकेच्या तमिळ वृत्तपत्रांत अर्थसंकल्पातल्या तुटीला ‘तुंडुविऴुम् तोगै’, म्हणजे तुंडु पडणारी रक्कम, असे सर्रास छापतात. आपली ‘तूट’ही तुटण्यातूनच आली आहे, म्हणून मराठी कानाला ते जवळचे वाटते. घरखर्चाचा अनुभव त्यात आहे. पण तो तुकडा कसा भरून काढला, हे तोही सांगत नाही.

म्हणून मला सर्वांत साधे तेच योग्य वाटते: ‘अरसु इन्द आण्डु पुदिदाग वांगुम् कडन्’, सरकार या वर्षी नव्याने घेणारे कर्ज. यातला ‘पुदिदाग’, नव्याने, हा शब्द पहारेकरी आहे. तो नसेल तर वाचक याला सरकारवरचे एकूण कर्ज समजेल. एकूण कर्ज म्हणजे आजवर साठलेले, आणि तूट म्हणजे त्यात या वर्षी पडणारी भर. टाकीतले पाणी आणि नळाची धार यांत जो फरक, तोच इथे.

आता आकड्यांकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता आणि कर्ज सोडून जमा सुमारे ३४.९६ लाख कोटी. फरक १५.६९ लाख कोटी. बातमीत हा आकडा ‘४.४ टक्के’ म्हणून येतो. टक्के म्हटले की वाचक शंभरातले किती असे विचारतो, आणि तुटीचे शंभर म्हणजे साहजिकच खर्चाचे शंभर धरतो: सरकार शंभर खर्च करते आणि त्यात साडेचार रुपयेही कमी पडत नाहीत, म्हणजे संसार उत्तम चालला आहे! प्रत्यक्षात ते ४.४ रुपये देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या शंभर रुपयांमागे आहेत. ते उत्पादन अर्थसंकल्पात सुमारे ३५७ लाख कोटी धरले होते. सरकारी खर्चाच्या शंभर रुपयांमागे हिशेब केला तर उसने येतात जवळजवळ ३१ रुपये. रक्कम एकच, शंभर कोणाचे घ्यायचे यावर ४.४ किंवा ३१.

तमिळ वाक्यात दोन्ही मापे, नावे घेऊन, द्यावीत. आधी ओळखीचे: ‘अरसु सेलविडुम् ओव्वोरु नूऱु रूबायिलुम् सुमार् ३१ रूबाय् पुदिदाग वांगुम् कडन्.’ सरकार खर्च करील त्या प्रत्येक शंभर रुपयांत सुमारे ३१ रुपये नव्याने घेतलेले कर्ज. (सुमार् हा शब्दही तमिळमध्ये आपल्याच अर्थाने चालतो.) मग पुढच्या वाक्यात: देशाच्या वर्षाच्या उत्पादनाशी तुलना केली तर हे शंभराला ४.४ रुपये होतात, आणि अर्थतज्ज्ञ याच मापाने बोलतात.

राहिले क्रियापद. तूट ४.८ वरून ४.४ वर ‘कमी होणार’. म्हणजे सरकार कमी कर्ज घेणार? अर्थसंकल्पाच्याच कागदांत २०२४-२५ चा सुधारित अंदाज १५,६९,५२७ कोटींचा होता आणि २०२५-२६ चा अंदाज १५,६८,९३६ कोटींचा. पंधरा लाख कोटींच्या रकमेत जेमतेम सहाशे कोटींचा फरक. कर्ज जवळपास तेवढेच राहणार होते. ज्याच्याशी तुलना करायची ते देशाचे उत्पादन वाढणार असे धरले होते, म्हणून गुणोत्तर खाली आले. हे लबाडीचे नाही. उत्पन्न वाढत असताना कर्ज तेवढेच ठेवणे ही शिस्तच आहे. पण ‘पट्राक्कुऱै कुऱैगिऱदु’ असे नुसते लिहिले, तर वाचक कर्जाची रक्कम घटली असे समजेल. लिहायचे ते असे: कर्ज जवळजवळ तेवढेच, देशाच्या कमाईच्या मानाने ते हलके होणार.

पारिभाषिक शब्दाचे काय करायचे

इतके सगळे रोजच्या भाषेत सांगितले, तरी पणवीक्कम्, रेपो आणि निदिप् पट्राक्कुऱै हे शब्द हद्दपार करून चालत नाही. वाचक उद्या ते दूरदर्शनवर ऐकेल, त्याची मुलगी बारावीच्या पुस्तकात वाचेल. दोन्हींचा दुवा त्याच्या हाती द्यायला हवा. तमिळ बोलण्यात त्यासाठी तयार साचा आहे: आधी गोष्ट साध्या शब्दांत सांगायची आणि शेवटी ‘इदैत्तान् पणवीक्कम् एन्गिऱार्गळ्’, यालाच पणवीक्कम् म्हणतात. आधी अर्थ, मग नाव. उलट क्रमाने, म्हणजे नाव देऊन मागे कंसात अर्थ घातला, तर मोठ्याने वाचणारा कंस वगळतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी नुसते नाव पडते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नमुन्याचा तीन वाक्यांचा परिच्छेद तमिळमध्ये आठ-नऊ वाक्यांचा होतो आणि वर्तमानपत्रात तेवढी जागा रोज मिळत नाही. मग तीनपैकी दोन गोष्टी नीट सांगून तिसरी दुसऱ्या दिवसावर ढकलणे बरे. करारपत्र, कायदा किंवा बँकेचे परिपत्रक यांच्या भाषांतरात ही मोकळीक घेऊच नये. तिथे एका संज्ञेला एकच शब्द, शेवटपर्यंत. आणि ‘वेगम्’ची उपमा दर ऋण झाल्यावर, म्हणजे भाव खरोखर उतरू लागल्यावर, उपयोगी पडत नाही, त्या दिवशी सरळ ‘विलै कुऱैन्ददु’ असेच लिहायचे असते.

भाषांतर जमले की नाही हे ताडून पाहायला अर्थशास्त्राचा पदवीधर नको. न शिकलेल्या पण हिशेबी माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि ‘कळले का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. आकड्यात उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी शंभराला मिळणारी वस्तू आज किती रुपयांना? रिझर्व्ह बँकेकडून हजार रुपये वर्षभर घेतले तर व्याज किती? सरकारने शंभर खर्च केले, तर त्यातले उसने किती? अपेक्षित उत्तरे: साधारण एकशे पाच, साडेबासष्ट, आणि एकतीस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘साडेसातशे’ असे आले, तर ऐकणाऱ्याला दोष देऊ नये. वाक्यातून ‘आण्डुक्कु’ कुठे गळले, ते शोधावे.